दवाखान्याच्या करारात ‘निवासी’ हा शब्द नको

प्रश्न : मी बालरोगतज्ज्ञ आहे. पुण्यात एका गृहनिर्माण सोसायटीतील तळमजल्यावरचा वन बीएचके फ्लॅट दवाखान्यासाठी लिव्ह अँड लायसन्सने घेत आहे. दरमहा २८,००० रुपये, दर वर्षी ५ टक्के वाढ, डिपॉझिट २ लाख आणि मुदत ३६ महिने असे ठरले आहे. घरमालकांचे म्हणणे असे की, करारात वापर ‘निवासी’ असाच लिहू, म्हणजे महापालिकेचा आणि सोसायटीचा त्रास नको. बोर्ड मात्र कंपाउंडच्या भिंतीवर खुशाल लावा. आतील कामावर माझे साधारण साडेचार लाख रुपये खर्च होतील. आठवड्यातून दोन दिवस माझे एक त्वचारोगतज्ज्ञ सहकारी तेथे रुग्ण तपासतील. मी या करारावर सही करावी का?
— एक डॉक्टर, पुणे

उत्तर :

डॉक्टर, या स्वरूपातील करारावर सही करू नका. जागा सोडून द्या असे मी म्हणत नाही. ती दवाखान्यासाठी योग्य ठरण्याची शक्यता आहे. मात्र ‘निवासी’ हा शब्द करारात राहिला, तर पुढील तीन वर्षे प्रत्येक अडचणीत तुमचाच कागद तुमच्या विरुद्ध उभा राहील, आणि हा धोका घरमालकांपेक्षा तुम्हाला कितीतरी अधिक आहे.

घरमालक हा शब्द का मागतात, ते आधी समजून घेऊ. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम २४ नुसार, राहण्यासाठी दिलेल्या जागेची लायसन्सची मुदत संपली की घरमालकाला दिवाणी दाव्याच्या लांब वाटेने जावे लागत नाही. तो सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत लायसन्सीने प्रतिज्ञापत्रासह बचावाची परवानगी मागितली नाही, किंवा मागूनही ती मिळाली नाही, तर जागा रिकामी करण्याचा आदेश होतो. शिवाय मुदत संपल्यानंतर जागा ताब्यात ठेवल्याबद्दल दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. तुमच्या बाबतीत तिसऱ्या वर्षाची फी ३०,८७० रुपये होते, म्हणजे ही भरपाई दरमहा ६१,७४० रुपये होईल. ही जलद सोय निवासासाठी दिलेल्या जागांपुरतीच आहे. दवाखान्यासाठी दिलेल्या जागेचा ताबा मिळवायचा असेल, तर घरमालकाला लघुवाद न्यायालयात दावा लावावा लागतो. म्हणून अनेक घरमालक, आणि त्यांचे एजंटही, दवाखान्याला जागा देताना ‘निवासी’ लिहून घेतात.

आता याच कलमाखालील एक स्पष्टीकरण पाहा. लेखी लायसन्स करार हा त्यात नमूद केलेल्या बाबींचा निर्णायक पुरावा मानला जाईल, असे तेथे म्हटले आहे. याचा अर्थ असा की, जागेत पहिल्या दिवसापासून दवाखानाच होता, भिंतीवर बोर्ड होता, रोज रुग्ण येत होते, हे सगळे तुम्ही नंतर सांगू लागलात, तरी तुमच्या सहीच्या कागदात ‘निवासासाठी’ असे लिहिलेले असल्यामुळे तुमचे म्हणणे ऐकून घेतले जाणे फार अवघड होते. याउलट मुदत चालू असतानाच घरमालकांचे आणि तुमचे बिनसले, तर तेच घरमालक ‘निवासी जागेचा बेकायदा व्यावसायिक वापर केला, म्हणजे कराराचा भंग झाला’ असे सांगून लायसन्स रद्द करू शकतात. तोंडी परवानगी त्यांनीच दिली होती, हे सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर येईल. एकाच शब्दाने मुदत संपल्यावरची आणि मुदतीच्या आतली अशा दोन्ही बाजू तुमच्यासाठी कमकुवत होतात.

‘निवासी’ लिहिल्याने मुद्रांक शुल्क वाचते असेही तुम्हाला सांगितले जाईल. तसे वाचत नाही. ६० महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सवर महाराष्ट्रात निवासी आणि अनिवासी वापरासाठी दर एकच, ०.२५ टक्के आहे. तुमची तीन वर्षांची एकूण फी १०,५९,२४० रुपये होते. परतीच्या डिपॉझिटवर वार्षिक १० टक्के दराने व्याज धरले जाते. २ लाखांवर ते तीन वर्षांचे ६०,००० रुपये होते. दोन्ही मिळून ११,१९,२४० रुपयांवर शुल्क सुमारे २,८०० रुपये येते आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये असते. वापर काहीही लिहिला तरी हा आकडा बदलत नाही.

मिळकत करात मात्र फरक पडतो, आणि घरमालकांची खरी चिंता बहुधा तीच असते. पुण्यात ४० टक्के सवलत स्वतः राहणाऱ्या मालकाच्या घराला मिळते. फ्लॅट भाड्याने दिला की ती तशीही जाते, मग आत कुटुंब राहो वा दवाखाना. त्यापुढे अनिवासी वापरामुळे जो जादा कर लागेल, तो कोणी भरायचा हे दोघांनी बसून ठरवावे आणि करारात लिहावे. तो लपवण्यासाठी वापर खोटा लिहिणे हा त्यावरचा उपाय नाही.

विजेचेही तसेच आहे. मीटर घरगुती वर्गाचे ठेवून दवाखाना चालवला आणि तपासणीत आढळले, तर वीज अधिनियम, २००३ याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर धरून लागू दराच्या दुप्पट आकारणी होते, आणि वापर कधीपासून सुरू झाला हे ठरवता आले नाही तर ती मागील १२ महिन्यांसाठी होते. स्वतःच्या राहत्या घरात व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांना घरगुती दराची जी सवलत असते, ती भाड्याच्या स्वतंत्र दवाखान्याला आपोआप लागते असे समजू नका. ताबा घेण्यापूर्वी महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात योग्य वर्गासाठी अर्ज करायला लावा आणि त्याचा खर्च कोणाचा, हे लिहून घ्या.

यापुढचा प्रश्न अधिक मूलभूत आहे : त्या फ्लॅटमध्ये दवाखाना चालवण्याला मुळात परवानगी आहे का? करारात ‘दवाखाना’ लिहिले म्हणून ती मिळत नाही, कारण जागेचा वापर मालकाच्या इच्छेने नव्हे, तर मंजूर नकाशाने ठरतो. घरमालकांकडून इमारतीचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र यांच्या प्रती मागून घ्या. तळमजल्यावरील त्या भागासमोर ‘सदनिका’, ‘दुकान’ की ‘कार्यालय’ यांपैकी काय लिहिले आहे ते पाहा. ‘दुकान’ किंवा ‘कार्यालय’ असेल तर तुमचा रस्ता बराच मोकळा आहे. ‘सदनिका’ असेल, तर निवासी विभागात बाह्यरुग्ण दवाखान्याला विकास नियंत्रण नियम कोणत्या अटींवर मुभा देतात हे तपासावे लागेल. या अटी सामान्यतः क्षेत्रफळ, मजला, स्वतंत्र प्रवेश आणि रुग्ण दाखल न करणे यांबद्दल असतात. काही ठिकाणी डॉक्टर त्याच इमारतीत राहणारा असावा, अशीही अट असते. ही शेवटची अट लागू होत असेल तर तुमच्यासारख्या बाहेरून येणाऱ्या डॉक्टरला तेथे अडथळा येतो. म्हणून एखाद्या परवानाधारक वास्तुविशारदाकडून त्या विशिष्ट फ्लॅटबद्दल लेखी मत घ्या. वापर बदलाची परवानगी लागत असेल, तर ती मागण्याचे काम घरमालकांचे आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ यात परवानगीवाचून केलेला वापरातील बदल हा अनधिकृत विकास ठरतो. अशा वेळी वापर पूर्ववत करण्याची नोटीस मालकाच्या नावाने निघाली, तरी दवाखाना बंद होतो तो तुमचा.

सोसायटीची संमती ही याहून वेगळी बाब आहे. महापालिकेची परवानगी असली म्हणून सोसायटीचा प्रश्न संपत नाही, आणि सोसायटीने ना हरकत दिली म्हणून नकाशावरील सदनिकेचा दवाखाना होत नाही. फ्लॅट भाड्याने देताना सभासदाने सोसायटीला कळवायचे असते आणि बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. दवाखान्याच्या बाबतीत केवळ ‘भाड्याने दिला आहे’ असे कळवून भागत नाही. वापर स्पष्ट लिहिलेला ठराव व्यवस्थापक समितीने केलेला असावा, आणि उपविधींप्रमाणे विषय सर्वसाधारण सभेपुढे न्यावा लागत असेल, तर तेथील ठरावाची प्रत मिळवावी. सेक्रेटरींनी तोंडी ‘काही अडचण नाही’ म्हटले, एवढ्यावर फर्निचरचे काम सुरू करू नका. पुढच्या निवडणुकीत समिती बदलली की नव्या समितीला त्या शब्दाचे काही बंधन वाटत नाही.

सोसायटीतील रहिवाशांची हरकत बहुतेक वेळा दोन गोष्टींवर असते : आजारी माणसांची ये-जा आणि कचरा. बालरुग्णांच्या दवाखान्यात लसीकरणामुळे दुसरी गोष्ट खरी आहे, आणि तिचे उत्तर तुमच्याकडे तयार असले तर ठराव सहज होतो. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ खाटा नसलेल्या दवाखान्यालाही लागू आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून प्राधिकारपत्र घ्यावे लागते. खाटा नसतील तर ते एकदाच घ्यायचे असते. कचरा उचलणाऱ्या सामायिक प्रक्रिया केंद्राशी करार करावा लागतो. सुया पांढऱ्या, सुई न टोचणाऱ्या डब्यात, सिरिंजचा प्लास्टिकचा भाग लाल पिशवीत, लसींच्या काचेच्या बाटल्या निळ्या खुणेच्या खोक्यात आणि रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत जातो. हा रक्ताळलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त जागेवर ठेवता येत नाही. हे डबे फ्लॅटच्या आतच राहतील, जिन्याखाली किंवा पार्किंगमध्ये ठेवले जाणार नाहीत आणि ते उचलण्याची वेळ ठरलेली असेल, असे पत्र समितीला द्या. आता या सर्व अर्जांना जागेचा पुरावा म्हणून लायसन्स करारच जोडावा लागतो. त्यावर ‘निवासी’ असेल तर दवाखान्याच्या प्राधिकारपत्रासाठी तुम्ही कोणता कागद लावणार, याचे उत्तर घरमालकांकडे नसते.

बोर्डाबद्दल घरमालकांनी तुम्हाला जी मोकळीक दिली आहे, ती त्यांना देताच येत नाही. कंपाउंडची भिंत ही सोसायटीची सामायिक मालमत्ता आहे. त्यांच्या मालकीचा आहे तो फ्लॅट. स्वतःच्या दारावर, आणि सोसायटीने मान्य केले तर बाल्कनीच्या बाहेरील बाजूस, एवढाच अधिकार ते तुम्हाला देऊ शकतात. बोर्डाच्या जागांची नोंद एका साध्या आराखड्यावर करून तो सोसायटीच्या ठरावाला आणि कराराला परिशिष्ट म्हणून जोडा. दारावरील पाटी, बाल्कनीवरील फलक आणि फाटकाजवळील सामायिक नामफलकावरील एक ओळ, अशा तीन जागा तुम्हाला पुरेशा आहेत. प्रत्येकीचे माप, आतून उजेड असेल की नाही आणि दिवे रात्री किती वाजता बंद होतील, हे लिहा. मापे लिहिलेली नसली की वाद होतात, कारण ‘छोटा बोर्ड’ या शब्दांचा अर्थ प्रत्येकाच्या मनात वेगळा असतो.

प्रकाशित फलक, रस्त्याच्या दिशेने बाहेर आलेला फलक किंवा गच्चीवरील फलक लावायचा असेल, तर महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागाकडे आधी चौकशी करा. विनापरवाना फलक काढून नेण्याचा आणि दंड करण्याचा अधिकार पालिकेला आहे. भाषेचा नियमही आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ यात डॉक्टरांचे दवाखाने आस्थापनेच्या व्याख्येत येतात, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांचेही नामफलक देवनागरी लिपीत मराठीत असणे बंधनकारक आहे. दुसरी भाषा वापरता येते, पण मराठी मजकूर आधी यावा आणि त्याची अक्षरे दुसऱ्या भाषेतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत. याच अधिनियमाखाली दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीऐवजी सूचना द्यायची असते. ती विसरू नका.

फलकावर काय लिहायचे यावर तुमच्या व्यवसायाची स्वतःची बंधने आहेत, आणि ती घरमालक किंवा फलक रंगवणारा तुम्हाला सांगणार नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या व्यावसायिक आचरणाविषयीच्या २००२ च्या विनियमांप्रमाणे फलक अवाजवी मोठा नसावा, आणि त्यावर नाव, विद्यापीठ किंवा वैधानिक संस्थेची पदवी, उपाधी, विशेष शाखा आणि राज्य वैद्यक परिषदेच्या नावासह नोंदणी क्रमांक यांखेरीज काही असू नये. ज्या ठिकाणी डॉक्टर राहत नाही किंवा काम करत नाही तेथे, तसेच औषधाच्या दुकानावर, त्याचा फलक लावणे अयोग्य मानले आहे. म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकल दुकानाने ‘आमच्याकडे तुमची पाटी लावू’ असे सुचवले, तर नम्रपणे नको म्हणा. तुमच्या त्वचारोगतज्ज्ञ सहकाऱ्यांची पाटी लावता येईल, कारण ते तेथे खरोखर रुग्ण तपासतील. मात्र ती करारातील परवानगीशी जुळली पाहिजे.

त्या सहकाऱ्यांवरून मी कराराच्या स्वरूपाकडे येतो, कारण ‘लायसन्स’ हा ‘भाडेपट्टा’ नाही, आणि या फरकाचे परिणाम साडेचार लाख रुपये गुंतवणाऱ्याने नीट समजून घेतले पाहिजेत. लायसन्सचा कायदा आजही भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ यात आहे. त्याच्या कलम ५६ प्रमाणे, करारात वेगळा हेतू दिसत नसेल, तर लायसन्सचा वापर लायसन्सीचे नोकर किंवा प्रतिनिधीही करू शकत नाहीत आणि लायसन्स दुसऱ्याकडे हस्तांतरित करता येत नाही. अक्षरशः पाहिले तर तुमची परिचारिका आणि रिसेप्शनिस्टसुद्धा करारात नमूद असावे लागतात. आठवड्यातून दोन दिवस येणारे सहकारी तर नक्कीच, नाहीतर ‘जागा पोटभाड्याने दिली’ असा आरोप घरमालकांना सहज करता येईल. वापराचे कलम साधारण असे असावे : ‘ही जागा लायसन्सी यांना बालरोग बाह्यरुग्ण दवाखाना, लसीकरण, नेब्युलायझेशन, प्रथमोपचार आणि त्यासाठी लागणारी औषधे व लसी यांची साठवण यासाठी वापरता येईल, लायसन्सी यांचे कर्मचारी, तसेच लायसन्सी यांच्या देखरेखीखाली येणारे सल्लागार डॉक्टर जागेचा वापर करू शकतील, आणि अशा सल्लागारांचा वापर म्हणजे पोटभाडे किंवा हस्तांतरण मानले जाणार नाही.’ याबरोबरच ‘रुग्ण दाखल करून घेतले जाणार नाहीत’ हे वाक्य स्वतःहून लिहा. त्याने सोसायटीची भीती जाते. खाटा आल्या की महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाचा वेगळाच व्याप सुरू होतो, त्याची इथे गरज नाही.

कलम ५९ त्याहून गंभीर आहे. घरमालकांनी मुदतीच्या आत फ्लॅट विकला, तर खरेदीदारावर लायसन्सचे बंधन नसते. भाडेपट्ट्यात तसे होत नाही. तेथे नवा मालक जुन्या भाडेकरूसह जागा घेतो. पण भाडेकरूला कायद्याने मिळणाऱ्या संरक्षणामुळे आज घरमालक भाडेपट्टा द्यायला तयार होत नाहीत, म्हणून लायसन्समध्येच तरतूद करावी लागते. घरमालकांनी मुदतीत फ्लॅट विकल्यास खरेदीदाराकडून हा करार पाळण्याचे लेखी बंधन घ्यावे, आणि तसे न झाल्यास तुमच्या आतील कामाच्या खर्चाचा उरलेला भाग तुम्हाला द्यावा, असे कलम घाला. उरलेला भाग कसा मोजायचा तेही लिहा. साडेचार लाखांना ३६ ने भागले की महिन्याला १२,५०० रुपये पडतात. चौदाव्या महिन्याच्या अखेरीस जागा सोडावी लागली, तर बावीस महिने शिल्लक राहतात आणि भरपाई २,७५,००० रुपये होते. हाच हिशोब, नकाशाशी न जुळणाऱ्या वापरामुळे किंवा सोसायटीच्या हरकतीमुळे, तुमचा काही दोष नसताना दवाखाना बंद करावा लागला तरी लागू राहील, असे म्हणा. तशा प्रसंगी नोटिशीचा कालावधी नसावा आणि डिपॉझिट सात दिवसांत परत मिळावे. कामाची बिले मात्र सांभाळून ठेवा. खर्चाचा आकडा कागदावर नसेल तर वरचे सगळे कलम पोकळ राहते.

याच अधिनियमाच्या कलम ६० मध्ये, लायसन्सच्या आधारावर कायम स्वरूपाचे काम करून खर्च केला असेल तर लायसन्स रद्द करता येत नाही, असे म्हटले आहे, आणि काही डॉक्टर त्यावर विसंबून राहतात. मी तसे करण्याचा सल्ला देणार नाही. बहुतेक छापील मसुद्यांत, आतील काम तात्पुरते आहे आणि लायसन्स कधीही रद्द करता येईल, असे वाक्य असते, आणि त्याने हा आधार जातो. त्यापेक्षा लॉक-इन उघडपणे मागा : घरमालकांवर पूर्ण ३६ महिन्यांचे आणि तुमच्यावर १२ महिन्यांचे, त्यानंतर तुम्हाला दोन महिन्यांची नोटीस देऊन निघता यावे. लॉक-इन फक्त लायसन्सीवर असेल, तर गुंतवणूक तुमची आणि मोकळीक मात्र त्यांची, अशी स्थिती होते.

मुदत संपल्यावर ताबा वेळेत मिळेल का, ही घरमालकांची भीती मात्र खरी आहे, आणि वापर खरा लिहिल्यावर कलम २४ ची सोय त्यांना मिळणार नाही, हे तुम्हीच त्यांना प्रामाणिकपणे सांगा. त्या बदल्यात मुदतीनंतरच्या प्रत्येक दिवसासाठी ठरावीक वाढीव रक्कम, काढून नेण्याच्या आणि ठेवून जाण्याच्या वस्तूंची यादी, तसेच मुदत संपण्याच्या तीन महिने आधी नूतनीकरणाचा निर्णय कळवण्याचे बंधन स्वीकारा. तुमच्यासाठी एक छोटी मागणी यात घालून घ्या : जागा सोडल्यावर नव्या पत्त्याची पाटी साठ दिवस दारावर राहू द्यावी. लहान मुलांचे लसीकरण वेळापत्रकाने चालते, आणि पालक जुन्या पत्त्यावर येतच राहतात.

करार लेखी आणि नोंदणीकृत असणे भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती न केल्यास त्यांना तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. व्यवहारात मात्र सर्व काम एजंट ऑनलाइन करतो, आणि त्याच्याकडचा तयार नमुना बहुधा निवासी कराराचा असतो. अंगठ्याचा ठसा देण्यापूर्वी पूर्ण मसुदा पीडीएफमध्ये मागवा आणि वापराचे कलम, मिळकतीच्या वर्णनातील वापर आणि परिशिष्टातील बोर्डाचा आराखडा हे तिन्ही एकमेकांशी जुळतात का, ते स्वतः वाचा. एका ठिकाणी ‘दवाखाना’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘राहण्यासाठी’ असे राहून जाते, आणि वाद झाला की नेमके तेच वाक्य पुढे केले जाते.

पैशांचा क्रम असा ठेवा. नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र पाहून झाल्यावर, वाटल्यास एक महिन्याची फी टोकन म्हणून बँकेमार्फत द्या आणि ‘सोसायटीचा ठराव व वापराला लागणारी परवानगी न मिळाल्यास ही रक्कम परत’ असे पावतीवर लिहून घ्या. डिपॉझिट करार नोंदवण्याच्या दिवशी द्या, आणि लायसन्स फी ताबा मिळाल्यावर एक महिन्याने सुरू करा, कारण बेसिन, विद्युत जोडणी आणि लसींच्या फ्रिजसाठीचा स्वतंत्र पॉइंट या कामांना तेवढे दिवस लागतात.

एवढे सांगूनही घरमालक ‘निवासी’ या शब्दावर ठाम राहिले, तर त्याच परिसरात नकाशावर दुकान किंवा कार्यालय असलेला गाळा शोधा. फी जास्त पडेल, पण तुलना करताना दोन गोष्टी मोजा. जादा मिळकत कर आणि विजेचा खर्च या फ्लॅटमध्येही तुमच्यावर येणारच होता. दुसरी गोष्ट जीएसटीची. गाळ्याचे मालक जीएसटी नोंदणीकृत असतील तर व्यावसायिक भाड्यावर १८ टक्के कर लागतो, आणि तुमच्या वैद्यकीय सेवा करमुक्त असल्यामुळे त्याची वजावट तुम्हाला मिळत नाही. २८,००० रुपयांवर हे दरमहा ५,०४० रुपये होतात. मालक नोंदणीकृत आहेत का आणि सांगितलेली फी जीएसटीसह आहे की त्याशिवाय, हे पहिल्याच भेटीत विचारा आणि उत्तर लिहून घ्या.